कुठेही तुटला तरी खोटा न पडणारा मथळा: सर्च, फीड आणि अचूकता सांभाळून बातमीचं हेडिंग कसं लिहावं

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात, रात्री साडेनऊच्या सुमारास मी एक हेडिंग लावलं होतं: ‘पुण्यातील शाळांना उद्या सुट्टी जाहीर झालेली नाही’. सुट्टीची अफवा पसरली होती, बातमीदाराने प्रशासनाशी बोलून खात्री केली होती, हेडिंगमधला एकही शब्द चुकीचा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकूंची नात शाळेच्या वेळेला जिन्यात सागरगोटे खेळत बसलेली. “तुमच्याच साइटवर होतं की!” म्हणत काकूंनी फोन पुढे केला. फोनवर दिसत होतं: ‘पुण्यातील शाळांना उद्या सुट्टी जाहीर…’

पुढचे दोन शब्द पडद्याबाहेर गेले होते, आणि बातमीचा सगळा अर्थ त्या दोन शब्दांत होता. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागे येतो. छापील पानावर याचा त्रास नव्हता, कारण मथळा कितीही ओळींचा असला तरी तो पूर्ण छापला जायचा. मोबाईलवर मात्र त्याची शेपटी हमखास कापली जाते. तेव्हापासून मी एक साधी कसोटी लावतो: हेडिंग कुठेही तुटलं तरी उरलेला तुकडा खोटा पडता कामा नये. सर्चसाठी, फीडसाठी आणि अचूकतेसाठी तीन वेगळी शास्त्रं शिकण्यापेक्षा ही एक कसोटी नीट लावली तर बरंचसं काम होतं. ती कशी लावायची ते एका पावसाच्या बातमीवर पायरीपायरीने करून पाहू.

हेडिंग कशापासून तुटतं

तुटण्याचे प्रकार तीन आहेत. गुगलच्या निकालांमध्ये हेडिंग शेवटाकडून कापलं जातं. तिथला वाचक काहीतरी शोधत आलेला असतो, म्हणून त्याचे शब्द सुरुवातीला दिसले तर तो थांबतो.

गुगल डिस्कव्हर किंवा फेसबुकच्या फीडमध्ये हेडिंग तारखेपासून तुटतं. तिथे वाचक काही शोधत नसतो. बोट वर सरकवताना कार्ड समोर येतं, आणि ते तुम्ही बातमी लावली त्याच दिवशी येईल असं नाही. डिस्कव्हरवर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उगवणाऱ्या बातम्या नेहमीच दिसतात. कार्डाच्या कोपऱ्यात ‘२ दिवसांपूर्वी’ असं बारीक लिहिलेलं असतं, पण ते कोण वाचतंय? हेडिंगमध्ये ‘उद्या’ असेल तर वाचकाच्या लेखी तो त्याचा उद्या असतो.

तिसरा प्रकार व्हॉट्सअॅपचा आणि पुश नोटिफिकेशनचा. तिथे हेडिंग खुद्द बातमीपासूनच तुटतं. फॅमिली ग्रुपवर आलेली लिंक दहातले किती जण उघडतात याचा अंदाज ज्याने त्याने आपल्याच घरावरून बांधावा. ‘पुढे बातमीत खुलासा केलाच आहे’ हा बचाव तिथे चालत नाही. युलरिख एकर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. पूर्ण बातमी वाचणाऱ्यांच्याही आठवणीवर आणि निष्कर्षांवर दिशाभूल करणाऱ्या मथळ्याची छाप उरते. म्हणजे खुलासा वाचणारासुद्धा पूर्ण सुटत नाही.

पायरी पहिली: हेडिंगच्या आधी एक कच्चं वाक्य

आता बातमी घेऊ. सरावासाठी मी ती रचली आहे, पण पावसाळ्यात अशी कॉपी डेस्कवर दर आठवड्याला येते.

१५ जुलैला दुपारी हवामान विभागाने इशारा दिला. १६ जुलैसाठी पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर रेड अलर्ट, शहरासह जिल्ह्याच्या उरलेल्या भागाला यलो. संध्याकाळी जिल्हाधिकाऱ्यांनी मावळ, मुळशी आणि भोर तालुक्यांतल्या शाळांना १६ तारखेची सुट्टी दिली. पुणे आणि पिंपरी-चिंचवड शहरांबद्दल आदेश नाही.

डेस्कवर कोणीतरी घाईत टाकलेलं हेडिंग असं: ‘मोठी बातमी! पुण्याला रेड अलर्ट, उद्या ‘या’ शाळांना सुट्टी’.

हे दुरुस्त करायला थेट हेडिंगमध्ये शब्दांची अदलाबदल करू नका. आधी कुणालाही न दाखवण्याचं एक कच्चं वाक्य लिहा: कोणी सांगितलं, काय, नेमकं कुठे, कोणत्या तारखेला आणि किती खात्रीने. आपल्या बातमीचं वाक्य होईल: ‘हवामान विभागाच्या अंदाजानुसार १६ जुलैला पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावर अत्यंत जोरदार पावसाचा इशारा आहे, शहराला यलो आहे, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने फक्त तीन तालुक्यांतल्या शाळा बंद राहणार आहेत.’ लांबलचक आहे, असू दे. नंतरचं प्रत्येक हेडिंग याच्याशी ताडून पाहायचं आहे.

या वाक्यातला सर्वांत नाजूक शब्द ‘घाटमाथा’. हवामान विभाग पुणे आणि सातारा अशा जिल्ह्यांत घाटाचा इशारा वेगळा देतो, कारण ताम्हिणी-लोणावळ्याचा पाऊस आणि शिवाजीनगरचा पाऊस यांचं एकमेकांशी फारसं नातं नसतं. घाटावर रेड अलर्ट असताना ‘पुण्याला रेड अलर्ट’ लिहिलं की पन्नास-साठ किलोमीटरवरच्या कोथरूडकराला उगाच घाबरवलं जातं. असं तीनदा झालं की तो चौथ्या खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करतो. एकाच शहरात किती फरक पडू शकतो ते मुंबईने २६ जुलै २००५ला पाहिलं आहे. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि कुलाब्याला ७५ मिलिमीटरही नाही. जागेचं नाव ढोबळ करणं ही पावसाच्या बातमीतली सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती बहुतेकदा सर्चच्या नावाखाली होते: ‘घाटमाथा कोण शोधतंय, पुणे टाका!’ पुणे टाकायचं आहेच. फक्त ते अशा जागी टाकायचं की अलर्ट शहराच्या गळ्यात पडणार नाही.

पायरी दुसरी: लोक काय टाइप करतात ते पाहा

गुगल ट्रेंड्स उघडा, प्रदेश महाराष्ट्र निवडा, मुदत शेवटच्या एक किंवा सात दिवसांची ठेवा. तिथे ‘रेड अलर्ट’, ‘पुणे पाऊस’, ‘शाळांना सुट्टी’ आणि ‘अतिवृष्टी’ एकमेकांशेजारी ठेवून तुलना करा. त्यातले आकडे शोधांची संख्या सांगत नाहीत. सर्वांत वरच्या शिखराला १०० धरून बाकीचं त्या प्रमाणात दाखवलेलं असतं. मराठी शब्दांसाठी अनेकदा ‘पुरेसा डेटा नाही’ असंही उत्तर येतं. मग सर्चच्या पेटीत शब्द अर्धवट टाइप करून खाली कोणत्या सूचना उतरतात ते पाहा, आणि आपल्या साइटच्या गुगल सर्च कन्सोलमध्ये मागच्या पावसाळ्यातल्या बातम्यांवर लोक कोणते शब्द टाकून आले ते काढा. माझ्या मते हा शेवटचा मार्ग सर्वांत भरवशाचा, कारण तो तुमच्याच वाचकांचा आहे.

तिथे `pune rain alert`, `pune school holiday` असे रोमन लिपीतले शोधही सापडतील. तरी हेडिंगमध्ये रोमन शब्द घुसडू नका. मराठी हेडिंगची रया जाते. रोमन शब्द लिंकमधल्या स्लगमध्ये आपसूक येतात.

लोकांचा शब्द आणि अधिकृत शब्द वेगळे असले की पेच पडतो. हवामान विभागाच्या रंगसंकेतात लाल म्हणजे ‘कृती करा’ या अर्थाची सूचना, नारंगी म्हणजे ‘तयार राहा’, पिवळा म्हणजे ‘लक्ष ठेवा’. आपण तिघांनाही सरसकट ‘अलर्ट’ म्हणतो. इथे लोकांचा शब्द घ्यायला माझी हरकत नाही, कारण त्याने अर्थ बदलत नाही. ‘अतिवृष्टी’चं तसं नाही. महसूल खात्याच्या पंचनाम्याच्या भाषेत २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी, आणि शेतकऱ्याची भरपाई त्या शब्दाला टांगलेली असते. हवामान विभाग ‘अत्यंत जोरदार’ म्हणतो तो पाऊस २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. म्हणून अंदाजाच्या बातमीत ‘अतिवृष्टी’ हा शब्द नुसता शोधला जातो म्हणून वापरू नये. नामांतर झालेल्या शहरांचंही काहीसं असंच आहे. हेडिंगमध्ये छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर लिहा आणि जुनं नाव बातमीच्या पहिल्या परिच्छेदात एकदा येऊ द्या. दोन्ही नावं हेडिंगमध्ये कोंबली तर बातमीला जागाच उरत नाही.

आपल्या बातमीत लोकांचे प्रश्न दोन आहेत: पाऊस किती, आणि शाळा आहे का. तालुक्यांची यादी, आदेशाची मुदत, परीक्षांचं काय असा ऐवज पुरेसा असेल तर शाळांची बातमी वेगळी करा. दोनच ओळी असतील तर एकाच बातमीत ठेवा. इथे एकच धरून चालू.

पायरी तिसरी: एका बातमीची तीन हेडिंगं

बातम्या लावण्याच्या बहुतेक सीएमएसमध्ये हेडिंगच्या तीन पेट्या असतात, पण घाईत आपण पहिली भरतो आणि बाकी दोन तिची नक्कल करतात. त्या पेट्या पानाच्या कोडमध्ये अशा उतरतात:

```html
<title>पुणे पाऊस: घाटमाथ्यावर १६ जुलैला रेड अलर्ट, शहरात यलो</title>
<meta property="og:title" content="…">
<h1>…</h1>
```

`<title>` मुख्यतः सर्चसाठी. `og:title` हे फेसबुक आणि व्हॉट्सअॅपच्या कार्डासाठी, आणि डिस्कव्हरवरही अनेकदा तेच दिसतं. `<h1>` म्हणजे पान उघडल्यावर दिसणारा मथळा. पण कोणतं हेडिंग कुठे दिसेल याची खात्री धरू नका. गुगल निकालात दाखवायचं शीर्षक `<title>`बरोबरच `<h1>`, `og:title`, पानावरचा इतर ठळक मजकूर आणि बाहेरून आलेल्या लिंकचे शब्द यांतूनही निवडतं. ऑगस्ट २०२१मध्ये त्यांनी ही पद्धत बदलली तेव्हा जगभरच्या डेस्कवर आरडाओरडा झाला. त्यानंतरच्या महिन्यात सुधारणा करून गुगलने सांगितलं की ८७ टक्के वेळा `<title>`च वापरलं जातं. म्हणजे उरलेल्या वेळा नाही. लांबण लावलेलं, एकच शब्द तीनदा घोळवलेलं किंवा पानावरच्या मथळ्याशी न जुळणारं `<title>` बदललं जाण्याची शक्यता जास्त.

यातून माझा नियम असा: तिन्ही हेडिंगांचा भर वेगळा असू द्या, दावा एकच ठेवा. सर्चला एक आणि फीडला दुसरीच बातमी सांगायची, ही चलाखी करणाऱ्याची हेडिंगं गुगल स्वतःच अदलाबदल करून त्याला तोंडघशी पाडतं.

सर्चचं हेडिंग वर कोडमध्ये दिलं आहे. ‘पुणे पाऊस’ हे शोधणाऱ्याचे शब्द सुरुवातीला आले, पण त्यानंतर अपूर्णविराम आहे. त्यामुळे ‘पुणे’ हा बातमीचा विषय झाला, रेड अलर्टची जागा झाली नाही. रेड अलर्ट ‘घाटमाथ्यावर’च राहिला.

पानावरच्या मथळ्याला जागेची चणचण नसते. तो मी असा केला: ‘पुण्याच्या घाटमाथ्यावर १६ जुलैला रेड अलर्ट, शहराला यलो, मावळ, मुळशी, भोरमधील शाळा बंद’.

फीडसाठी पहिल्या झटक्यात हे लिहिलं: ‘घाटमाथ्यावर रेड अलर्ट: १६ जुलैला मावळ, मुळशी, भोरमधील शाळा बंद, पुणे शहरात सुट्टीचा आदेश नाही’. वाचायला चांगलं आहे. पण ते तसंच लावू नका.

पायरी चौथी: कात्री चालवा

हेडिंग एका कोऱ्या नोटमध्ये ठेवा आणि शेवटून एकेक शब्द खोडत या. दर खोडीनंतर उरलेला तुकडा कच्च्या वाक्याशी ताडून पाहा. वरच्या हेडिंगचा शेवटचा शब्द गेला की उरतं: ‘…पुणे शहरात सुट्टीचा आदेश…’. काकूंची नात पुन्हा जिन्यात.

यावर उपाय म्हणजे नकार मागून उचलून पुढे आणणं. मराठीत ‘नाही’ पुढे आणता येत नाही, पण ‘फक्त’ आणता येतो. म्हणून: ‘१६ जुलैला शाळा फक्त मावळ, मुळशी, भोरमध्ये बंद, घाटमाथ्यावर रेड अलर्ट, पुणे शहरात यलो’. आता ‘भोरमध्ये बंद’नंतर कुठेही कापा, खोटं काही उरत नाही. त्याच्या आधी ‘१६ जुलैला शाळा फक्त मावळ, मुळशी…’ इथे तुटलं तरी वाचकाला एवढं कळतं की सुट्टी सरसकट नाही, आणि भोरवाला उघडून पाहील. पुणेकराला जे हवं होतं तेही मिळालं, नकार एकदाही न वापरता.

‘फक्त’सारखे पुढे बसणारे आणखी शब्द आहेत. ‘अफवा:’ किंवा ‘खोटा मेसेज:’ सुरुवातीला ठेवला की मागची शेपटी तुटली तरी चालते. ‘स्थगिती’, ‘नकार’, ‘रद्द’ ही नामं क्रियापदातल्या नकारापेक्षा सहज पुढे सरकतात. ‘रजा मिळणार नाही’ऐवजी ‘रजा रद्द’. ‘शक्यता’ हा शब्दही शेवटी लटकतो, म्हणून ‘अंदाज:’ आधी आणा, नाहीतर ‘मुसळधार पाऊस पडण्याची…’ एवढंच दिसतं.

आता लांबीचा प्रश्न. बऱ्याच ठिकाणी सीएमएसमध्ये ‘६० अक्षरं’ची मर्यादा लावलेली असते आणि पेटी लाल होते म्हणून लोक चांगले शब्द कापतात. तो मोजमापक देवनागरीला लागू पडत नाही. संगणक काना, वेलांटी आणि हलन्त प्रत्येकी एक धरतो. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये करून पाहा:

```js
"स्त्री".length   // 6
"पुणे".length    // 4
```

डोळ्याला एक अक्षर दिसतं, मोजमापक सहा सांगतो. गुगल हेडिंग कापतं ते पडद्यावरच्या रुंदीवरून, आणि किती लांब असावं याची मर्यादा त्यांनी घालून दिलेली नाही. म्हणून आकडा सोडा. हेडिंग स्वतःला व्हॉट्सअॅपवर पाठवा, साध्या फोनवर मागची अशीच एखादी बातमी गुगल करून कुठे तुटते ते पाहा, आणि पहिल्या पाच-सहा शब्दांत जागा, घटना आणि मर्यादा घालणारा शब्द बसवा. बाकीचं तुटलं तर तुटलं.

तारखेची कात्री आणि ‘या’ची खोड

‘आज’, ‘उद्या’, ‘काल’ हे शब्द मी पावसाच्या, परीक्षेच्या आणि शेवटच्या मुदतीच्या हेडिंगमधून हद्दपार केले आहेत. त्यांच्या जागी तारीख. सर्चमध्ये लोक ‘आज’ टाइप करतात हे खरं आहे. तो शब्द बातमीच्या पहिल्या ओळीत तारखेसह येऊ द्या: ‘आज, १५ जुलैला दुपारी दिलेल्या इशाऱ्यानुसार’. पर्जन्यमापनाच्या बातमीत आणखी एक खाच आहे. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. त्यामुळे ‘काल इतका पाऊस’ म्हणताना नेमके कोणते २४ तास ते सांगावं लागतं, आणि हेडिंगमध्ये ‘२४ तासांत’ हाच सरळ शब्द.

आता ‘या’ची गोष्ट. ‘‘या’ जिल्ह्यांना इशारा’, ‘‘हा’ निर्णय घेतला’, ‘‘त्या’ महिलांचे पैसे बंद’. अवतरणात अडकवलेला सर्वनामाचा हा तुकडा म्हणजे मराठी वेबची आवडती खोड. नाव लपवलं की माणूस उघडेल, असा त्यामागचा हिशोब. पण सर्चच्या दृष्टीने हा शुद्ध तोटा आहे, कारण लपवलेलं नावच तर लोक शोधत असतात. भोरचा पालक ‘भोर शाळा सुट्टी’ टाइप करतो, ‘या तालुक्यातील शाळा’ कोणी टाइप करत नाही. फीडमध्येही ही युक्ती फार दिवस चालेल असं समजू नका. फेसबुकने ऑगस्ट २०१६मध्ये माहिती दडवणाऱ्या आणि फुगवणाऱ्या हेडिंगांना मागे टाकायला सुरुवात केली आणि मे २०१७मध्ये दडवणं आणि फुगवणं हे दोन दोष वेगवेगळे तपासायचं ठरवलं. डिस्कव्हरसाठी गुगलच्या सूचनांमध्येही हेच आहे: बातमी कशाबद्दल आहे ते कळायला आवश्यक असलेली माहिती कार्डावरून दडवून क्लिक वाढवू नका.

मग फीडमध्ये माणूस थांबणार कशाला? माझा अनुभव असा की अर्धं उत्तर दिल्याने थांबतो. ‘शाळा फक्त मावळ, मुळशी, भोरमध्ये बंद’ वाचून पुण्याचा पालक निघून जाईल, ते मला मान्य आहे. त्याचं काम झालं. मुळशीचा पालक मात्र नक्की उघडेल, कारण त्याला आता महाविद्यालयं, अंगणवाडी, परीक्षा असे पुढचे प्रश्न पडलेले असतात. ‘मोठी बातमी!’ने तो थांबत नाही. त्या दोन शब्दांना सर्वांत महागडी, पुढची जागा देऊन आपण काहीच सांगत नाही.

फोटो हेडिंगचाच भाग आहे

डिस्कव्हरच्या मोठ्या कार्डासाठी फोटो किमान १२०० पिक्सेल रुंद लागतो आणि पानावर ही ओळ असावी लागते:

```html
<meta name="robots" content="max-image-preview:large">
```

हे तांत्रिक काम एकदाच करायचं. रोजचा धोका वेगळा आहे. यलो अलर्टच्या बातमीला मागच्या वर्षी पाण्यात बुडालेल्या सोसायटीचा फोटो लावला आणि ओळीत ‘संग्रहित छायाचित्र’ लिहिलं, तर ती ओळ कार्डावर दिसत नाही. वाचकाला दिसतं ते एवढंच: अलर्ट आणि बुडालेलं पुणे. फोटोवरही कात्री चालवा: ओळ काढून टाकली तर हेडिंगशेजारी तो काय म्हणतो? घाटातल्या धुक्याचा किंवा छत्र्यांचा फोटो क्लिक कमी आणेल कदाचित, पण खोटं बोलणार नाही.

गुन्हे आणि कोर्ट: थोडक्यात, पण चुकू नये असं

इथे तुटण्याची किंमत पावसापेक्षा जास्त असते. ‘शिक्षकाने विद्यार्थ्याला मारहाण केल्याचा आरोप’ यातला शेवटचा शब्द तुटला की आरोप निकाल होतो. म्हणून बोलणारा पुढे आणा: ‘पोलिसांचा दावा:’, ‘पालकांची तक्रार:’. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, नोटीस म्हणजे ठपका नव्हे, आणि ‘कोर्टाने फटकारलं’ हे तोंडी शेऱ्यासाठी वापरायचं असेल तर आदेशात तसं काही नाही हे माहीत असू द्या. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२नुसार गुन्हा आहे. गाव, शाळा आणि वडिलांचा व्यवसाय असे तीन तुकडे तीन हेडिंगांमध्ये विखुरले तरी मिळून ओळख पटते. इथे सर्चचे शब्द शोधायलाच जाऊ नका. मथळा सनसनाटी नसावा आणि खालच्या मजकुराने त्याला आधार द्यावा, हे भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसूत्रांत पूर्वीपासून आहे. कॉपीतली कोणती ओळ हेडिंगला आधार देते ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

लावल्यानंतर

समजा, रात्री नऊला जिल्हाधिकाऱ्यांनी पुणे आणि पिंपरी-चिंचवडलाही सुट्टी दिली. आता आपलं ‘फक्त’ खोटं झालं. नवी बातमी करायची की जुनीच बदलायची? लोक त्याच लिंककडे येत असतील तर तीच बदला. म्हणूनच स्लग सुरुवातीपासून `pune-rain-alert-school-holiday-16-july` असा, पुढे मोडणार नाही असा ठेवायचा. त्यात `only-maval-mulshi-bhor` घातलं असतं तर आता अडकलो असतो. तिन्ही पेट्या बदला. सर्वांत जास्त विसरली जाते ती `og:title`, कारण ती पानावर दिसत नाही. बातमीच्या सुरुवातीला एक ओळ लिहा: रात्री ९ वाजताच्या आदेशानंतर मथळा बदलला. पानाच्या कोडमधल्या `dateModified`मध्ये बदलाची वेळ `+05:30`सह जाऊ द्या. मजकुरात काही न बदलता नुसती वेळ ताजी करत राहणं मात्र टाळा. गुगलच्या सूचनांनाही ते धरून नाही.

मग फेसबुकच्या Sharing Debuggerमध्ये लिंक टाकून `Scrape Again` दाबा, नाहीतर तिथे जुनंच कार्ड फिरत राहतं. व्हॉट्सअॅपवर आधी पाठवलं गेलेलं कार्ड बदलत नाही, आणि गेलेली पुश परत येत नाही. म्हणून चूक अर्थ बदलणारी असेल तर दुसरी पुश पाठवा, आणि तिची सुरुवात ‘बदल:’ या शब्दाने करा.

दुसऱ्या दिवशी सर्च कन्सोल उघडाल तेव्हा सर्च आणि डिस्कव्हर यांचे तक्ते वेगळे पाहा. डिस्कव्हरच्या तक्त्यात शोधलेले शब्द नसतात आणि क्रमांकही नसतो, त्यामुळे एकाचा सीटीआर, म्हणजे दिसण्याच्या तुलनेत क्लिकचं प्रमाण, दुसऱ्याशी ताडण्यात अर्थ नाही. पावसाची बातमी पावसाच्याच मागच्या बातम्यांशी ताडा. क्लिक भरपूर आणि पानावर थांबण्याचा वेळ नेहमीपेक्षा खूप कमी असं दिसलं, तर हेडिंगने दिलेलं वचन कॉपीत नव्हतं असा संशय धरा. खाली ‘हेडिंग एक आणि बातमी एक’ अशा दोन कमेंट असतील तर संशयही उरत नाही.

आमच्या डेस्कवर पावसाळ्यात एक जुना, तडा गेलेला स्वस्त फोन चार्जरला लावून ठेवलेला असतो. बातमी लावली की लिंक आधी त्यावर पाठवायची, आणि तिथे काय दिसतं ते मोठ्याने वाचायचं.